दिवा लागतो, पण ऐकत नाही!

मैत्रिणींनो, आमच्या सासूबाई रात्री दोनदा तरी उठतात. न्हाणीघराकडे जायचं ते मागच्या अरुंद बोळातून, आणि दिव्याचं बटण नेमकं बोळाच्या पलीकडच्या टोकाला! गेल्या पावसाळ्यात अंधारात पाय घसरला आणि मनगटाला प्लास्टर आलं. तेव्हाच ठरवलं, की तिथं स्मार्ट बल्ब लावायचा. रात्री दहाला आपोआप मंद लागेल, सकाळी सहाला विझेल.

बल्ब आणला, लावला. तो लख्ख पेटला. पण मोबाइलशी त्याची जोडणी काही होईना. अ‍ॅपमधली चकती गरगर फिरायची आणि शेवटी नकार! तीन संध्याकाळी अशा गेल्यावर ह्यांनी तो परत करायला खोक्यातसुद्धा भरला. खरं तर बल्बचा काहीच दोष नव्हता. तुमच्या घरी बल्ब किंवा स्मार्ट प्लग असा रुसला, तर आधी हे करून पाहा.

सुरुवात जागेपासून करा. बटण बंद करून, बल्ब गार झाल्यावर काढा आणि राउटरजवळच्या टेबललॅम्पमध्ये लावा. इथं जोडणी झाली, तर समजावं की मूळ जागी वाय-फाय पुरेसं पोचत नाही. इथंही होत नसेल, तर दोष अंतराचा नाही, दुसरीकडे शोधायचा. आमचा बल्ब राउटरपासून दोन हातांवरही अडूनच बसला.

मग पाहायचा वाय-फायचा पट्टा. हल्लीचे बरेच राउटर दोन पट्ट्यांवर चालतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाचाचा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमतो, २.४ चा सावकाश, पण लांब जातो. बहुतेक स्मार्ट बल्बना आणि प्लगना फक्त २.४ चाच कळतो. आमच्या घरी दोन्हींची नावं वेगळी होती आणि माझा मोबाइल ‘5G’ शेपूट असलेल्या नावाला जोडलेला. अ‍ॅपनं तेच नाव बल्बला सांगितलं. त्या बिचाऱ्याला ते दिसणार कसं? (हे 5G म्हणजे मोबाइल कंपनीचं नव्हे बरं का!) मोबाइल दुसऱ्या नावाला जोडा आणि पासवर्ड लहान-मोठ्या अक्षरांसकट जपून लिहा. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल आणि जोडणी अडत असेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये ५ चा पट्टा थोडा वेळ बंद ठेवा. जोडणी झाली की पुन्हा सुरू करा.

आता बल्बला जुनं विसरायला लावायचं, म्हणजेच रीसेट. बऱ्याच बल्बना बटण एका लयीत चालू-बंद, चालू-बंद करावं लागतं. कुठे तीनदा, कुठे पाचदा. नेमका आकडा खोक्यातल्या कागदावर असतो, तो कागद टाकून देऊ नका. प्रत्येक वेळी साधारण सेकंदभर थांबा. घाई केली की मोजणी चुकते. शेवटी बटण चालूच ठेवा. बल्ब भराभर लुकलुकू लागला, की तो जोडणीला तयार झाला. नुसताच स्थिर पेटला, तर रीसेट झालेलं नाही, पुन्हा करा. प्लगचं काम सोपं. त्याचं बटण पाचेक सेकंद, दिवा लुकलुकेपर्यंत, दाबून धरायचं.

एवढं केलं आणि आमचा बल्ब मिनिटभरात जोडला गेला! आनंदानं बोळात नेऊन लावला, तर अ‍ॅपमध्ये ‘Offline’. म्हणजे आता खरोखरच अंतराचा प्रश्न होता. राउटर टीव्हीच्या कपाटात कोंबलेला, आणि बोळाच्या वाटेत भिंतीला लागून स्टीलचं कपाट. धातूपुढे वाय-फायचं चालत नाही. राउटर कपाटाच्या वर, मोकळ्यावर ठेवला आणि बल्ब ताळ्यावर आला. पुन्हा जोडावा लागला नाही, कारण नाव नि पासवर्ड त्याच्या लक्षात राहतात. दिव्याला पत्र्याची शेड असेल, तर तीही काढून पाहा.

एक शेवटची गोष्ट. भिंतीवरचं बटण बंद केलं, तर बल्बला वीजच मिळत नाही, मग दहा वाजता तो लागणार कसा? आम्ही त्या बटणावर चिकटपट्टी लावली आहे. आणि वीज लागोपाठ तीन-चारदा गेली-आली, तर काही बल्ब त्यालाच रीसेट समजतात नि लुकलुकत बसतात. घाबरू नका, पुन्हा जोडा. पण त्या रात्रीपुरती उशाशी विजेरी हवीच. सासूबाईंची आम्ही तशीच ठेवली आहे.