जर्मन परिचयाच्या चार ओळी

जर्मन बायोडेटाच्या, म्हणजे ‘लेबेन्सलाउफ’च्या माथ्यावर तीन ते पाच ओळींचा परिचय देता येतो. त्याला ‘कुर्त्सप्रोफील’ म्हणतात. त्यात ‘मी’ येत नाही, क्रियापदेही फारशी लागत नाहीत. नामांवर उभी असलेली तुटक वाक्ये चालतात. त्यामुळे इंग्रजीतला फुलोरा सहज गळतो. खरी अडचण पुढची आहे: इंग्रजीत मोघम राहिलेला दावा जर्मनमध्ये नेमका करावा लागतो.

समजा, चाकणच्या वाहनभाग कारखान्यातील एका प्रॉडक्शन इंजिनिअरच्या इंग्रजी परिचयाचा आशय असा आहे: ‘उत्साही, परिणामाभिमुख, सहा वर्षांचा अनुभव, बारा जणांच्या टीमचे नेतृत्व, रिजेक्शन ४.२ वरून २.९ टक्क्यांवर आणण्यात मोलाचा वाटा. वर्षाला १८ लाखांची बचत.’

पहिली दोन विशेषणे सरळ काढावीत, कारण ती पडताळता येत नाहीत. ‘नेतृत्वा’पाशी मात्र थांबून त्या इंजिनिअरलाच विचारावे लागते. कामाची वाटणी आणि तांत्रिक मार्गदर्शन एवढेच त्याच्याकडे असेल, तर ते ‘फाखलिख’ नेतृत्व. रजा, मूल्यमापन, पगारवाढ यांचे अधिकारही असतील, तर ‘डिसिप्लिनारिश’. जर्मन व्यवस्थापक हा फरक मुलाखतीत हमखास तपासतो.

‘मोलाचा वाटा’ हाही असाच निसरडा. नुसते ‘गेझेंक्ट’, म्हणजे ‘कमी केले’, असे लिहिले तर शब्द वाचतात, पण सगळे श्रेय एकट्याकडे जाते. सुधारणा गटाने केली असेल, तर ‘मिटविर्कुंग’, म्हणजे सहभाग, हा शब्द ठेवलाच पाहिजे. संक्षेपात सर्वाधिक खोटेपणा इथेच शिरतो, तोही नकळत.

आकड्यांतही सापळे आहेत. ४.२ वरून २.९ ही घट १.३ टक्केबिंदूंची आहे. मूळ प्रमाणाच्या तुलनेत ती सुमारे ३१ टक्के भरते. म्हणून दोन्ही टोके देणे सर्वांत सुरक्षित. जर्मनमध्ये दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांसाठी टिंब असते. १८ लाख रुपये तिथे ‘१,८ मिलिओनेन रुपिएन’ होतात. युरोत रूपांतर टाळावे. दर बदलला की आकडाही बदलतो.

पदनामही जपून लिहावे. ‘इंजेनिअर’ ही जर्मनीत राज्यांच्या कायद्यांनी संरक्षित उपाधी आहे, म्हणून परदेशी पदवी मूळ नावानेच देणे बरे.

इंजिनिअरने सांगितले की अधिकार फक्त तांत्रिक होते, सुधारणा गटाची होती आणि बचतीचा कागद त्याच्याकडे नाही. बचत मग गाळली जाते आणि उरते ते असे: ‘बॅचलर ऑफ इंजिनिअरिंग (माशीनेनबाऊ), झेक्स यारे एरफारुंग इन डेअर फेर्टिगुंग. फाखलिखे लायटुंग आइनेस ट्स्वोल्फक्योप्फिगेन टीम्स. मिटविर्कुंग आन डेअर झेंकुंग डेअर आउसशुसक्वोटे फॉन ४,२ आउफ २,९ प्रोत्सेंट.’ रिजेक्शनसाठी कारखान्यातला जर्मन शब्द ‘आउसशुस’ आहे. कोशातून उचललेला ‘आब्लेनुंग’ म्हणजे नकार, आणि तो दिसला की अनुवादकाला उत्पादनाची ओळख नाही हे उघड होते.

शेवटी, मूळ मजकूर न पाहिलेल्या जर्मन जाणकाराकडून प्रत्येक दावा तोंडी सांगवून घ्यावा आणि तो अनुभवपत्राशी ताडून पाहावा. पत्रात नसलेले काही ऐकू आले, तर ती ओळ पुन्हा लिहावी.