झाडं लावण्याआधीचा मजकूर

या आठवड्यात वाळवीवर लिहीन म्हणालो होतो, पण ती आठवडाभर थांबेल. साताऱ्याच्या शाहूपुरीतून एका वाचक बाईंचं पत्र आलंय आणि त्यांचा रविवार जवळ आलाय. त्यांच्या सोसायटीत वीस झाडं लावायची आहेत. सांगलीच्या बहिणीने आपल्या सोसायटीचा गेल्या वर्षीचा मजकूर पाठवला आहे. तोच तारीख बदलून ग्रुपवर टाकला तर चालेल का, असं त्या विचारतात.

चालणार नाही, आणि त्याचं कारण माती आहे. सांगलीतल्या त्या सोसायटीत काळी माती आहे. पाऊस पडला की ती फावड्याला चिकटते आणि खड्ड्यात पाणी तुंबतं. तिथे खड्डा पाण्याने भरून दुसऱ्या दिवशी बघायचा. पाणी तसंच असेल तर रोप थोड्या उंचवट्यावर लावायचं. शाहूपुरीतल्या या बाईंच्या आवारात मात्र वीतभर मातीखाली मुरूम आहे. तिथे पहार लागते, आणि मुरुमाने खड्डा भरून भागत नाही, चांगली माती बाहेरून आणावी लागते. म्हणून ‘येताना काय आणावे’ ही ओळ दोन्ही गावांत वेगळी असणार.

साताऱ्याच्या बाईंना मी सांगितलं, की दोन फूट लांब, रुंद आणि खोल असे खड्डे आधीच्या आठवड्यात मजूर लावून काढून घ्या. रविवारी सकाळी मुरमात खड्डे काढायला लावलं, तर तिसऱ्या खड्ड्यापाशीच माणसं दमतात आणि रोपं घाईत खुपसली जातात. खड्डे तयार असले की कामाचा हिशोब सोपा होतो. चौघांची एक तुकडी, अशा पाच तुकड्या, प्रत्येकीला चार झाडं. एकाने पिशवी ब्लेडने उभी कापायची आणि तळाशी गुंडाळलेली मुळं छाटायची. दुसऱ्याने मातीचा गोळा न फोडता रोप सरळ धरायचं. तिसऱ्याने माती लोटायची, चौथ्याने ती पायाने दाबून पाणी घालायचं. एका झाडाला पंधरा मिनिटं धरली तर तासाभरात वीस झाडं लागतात.

एवढं ठरलं, की कोणी काय आणायचं ते आपोआप ठरतं. ‘अवजारे आणावीत’ असं मोघम लिहिलेला एक मजकूर मी पाहिला आहे. त्या दिवशी नऊ कुदळी आल्या, घमेलं एकही नाही, आणि पिशव्या किल्लीने फाडाव्या लागल्या. जमायची जागाही ‘गेटवर’ अशी लिहिली होती. गेटं दोन होती, त्यामुळे निम्मी मंडळी मागच्या गेटवर अर्धा तास उभी राहिली.

तेव्हा बाईंसाठी मी असा मजकूर लिहून दिला:

“रविवार, १२ जुलै, सकाळी ७ वाजता मागच्या गेटाजवळच्या पाण्याच्या टाकीपाशी जमूया. खड्डे आणि माती तयार आहे. वीस झाडं: करंज, बहावा, ताम्हण, बकुळ. चौघांची एक तुकडी. तुकडी टाकीपाशी ठरेल. ए विंगने पाच फावडी आणि पाच घमेली, बी विंगने दहा बादल्या, सी विंगने पाच ब्लेड, सुतळी आणि जुनी गोणपाटं आणावीत. बांबू सोसायटीचे. पायात बूट हवेत. मुलांनी वाळका पाला गोळा करून बुंध्यापासून वीतभर लांब पसरायचा. साडेआठला काम संपेल. प्रत्येक झाडाला एका घराचं नाव लावू. ऑक्टोबरपासून पुढच्या पावसापर्यंत त्या घराने आठवड्यातून दोनदा एक बादली पाणी घालायचं.”

पाऊस जोरात असला तरी काम होणार की नाही, हेही एका वाक्यात घाला. नाहीतर सात वाजता घराघरांतून फोन सुरू होतात.

मजकुरातली पाणी घालायची शेवटची ओळ मी मुद्दाम घातली. जुलैत लावलेलं रोप पावसावर जगतं. ते मरतं ऑक्टोबरच्या उन्हात किंवा मार्चनंतर, तोपर्यंत लावणारे विसरलेले असतात. १ जुलै २०१६ ला राज्याने एका दिवसात दोन कोटी रोपं लावण्याचा संकल्प केला आणि २०१९ पर्यंत लक्ष्य तेहतीस कोटींवर गेलं. एवढ्या आकड्यांत एकेका रोपाच्या बादलीचा हिशोब राहत नाही. वीस झाडांच्या सोसायटीत तो राहू शकतो. दहा लिटरची बादली, आठवड्यातून दोनदा, म्हणजे सगळ्या झाडांना मिळून आठवड्याला चारशे लिटर. टँकरची गरज नाही, फक्त वीस घरांची नावं लागतात.

पुढच्या रविवारी वाळवी. तोवर तुमच्या सोसायटीचा मजकूर कालच राहायला आलेल्या भाडेकरूला वाचायला द्या. कुठे यायचं, काय आणायचं आणि ऑक्टोबरमध्ये काय करायचं, हे त्याला कोणालाही न विचारता कळलं, तरच तो ग्रुपवर टाका.