१८ क्रमांकाचा कप्पा

एका वाचनालयाची पुस्तकयादी नीट करून द्यायला मी बसलो होतो. वीसएक वर्षांत तीन-चार जणांनी भरत आणलेली एक्सेलची फाइल. त्यात खांडेकरांची ‘ययाति’ शोधली, तर एकच प्रत सापडली. कपाटात मात्र तीन प्रती होत्या. यादी वरून खाली डोळ्यांनी चाळली, तेव्हा तिन्ही नोंदी दिसल्या. एक स्वच्छ देवनागरीत, एक रोमन अक्षरांत ‘Yayati’ अशी, आणि तिसरी पुन्हा देवनागरीतच. निदान डोळ्यांना तरी देवनागरीच. पण त्या तिसऱ्या सेलवर क्लिक केलं की वरच्या फॉर्म्युला बारमध्ये ‘ययाति’ऐवजी `;;kfr` अशी अक्षरं उमटत होती.

ही कृतिदेव फॉन्टची करणी. युनिकोड सगळीकडे पोचण्याआधी मराठी टंकन ज्या फॉन्टांवर चालायचं, त्यांतला हा एक. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी चित्रं बसवलेली असतात. अर्धविरामाच्या जागी ‘य’चं चित्र, k च्या जागी काना, r च्या जागी ‘त’. संगणक साठवतो ती इंग्रजी चिन्हंच. फॉन्ट तेवढा त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवतो. म्हणून शोध घेतला की ती नोंद सापडत नाही, आणि अकारविल्हे लावली की ती ‘य’पाशी न येता रोमन अक्षरांच्याही आधी जाऊन बसते.

हजारो ओळींत अशा नोंदी डोळ्यांनी वेचणं शक्य नाही, कारण डोळ्यांनाच तर त्या फसवतात. त्यासाठी विचारायचा प्रश्न हा, की या सेलमध्ये खरोखर साठवलेलं एक तरी देवनागरी अक्षर आहे का? एक्सेलला तो विचारता येतो, आणि उत्तर अक्षरांच्या क्रमांकांत दडलेलं आहे.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला, मात्रेला, चिन्हाला स्वतःचा क्रमांक आहे. एक्सेलमधलं `UNICODE` हे फंक्शन तो सांगतं. ‘य’चा क्रमांक २३५१, कान्याचा २३६६, ‘त’चा २३४०, ऱ्हस्व वेलांटीचा २३६७. इंग्रजी k चा १०७ आणि अर्धविरामाचा ५९. हे फंक्शन एक्सेल २०१३ पासून मिळतं. त्याआधीचं `CODE` इथे कामाचं नाही. ‘य’ दिला तरी ते साधारणपणे ६३ असं उत्तर देतं, आणि ६३ म्हणजे प्रश्नचिन्ह.

देवनागरीच्या वाट्याला २३०४ ते २४३१ हे क्रमांक आले आहेत, म्हणजे बरोबर १२८ जागा. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, तेव्हा भारतीय लिप्यांची मांडणी इस्की या भारतीय संकेतप्रणालीवरून घेतली गेली, आणि प्रत्येक प्रमुख लिपीला १२८ जागांचा एकेक कप्पा मिळाला. या मांडणीतून एक फार सोयीची गोष्ट निघते. अक्षराच्या क्रमांकाला १२८ ने भागायचं आणि अपूर्णांक टाकून द्यायचा, की कप्प्याचा नंबर हाती येतो. २३५१ भागिले १२८ म्हणजे १८.३६ आणि पुढे काही, उरले १८. कान्याचेही १८, वेलांटीचेही १८. इंग्रजी अक्षरांचं उत्तर नेहमी शून्य. बंगालीचा कप्पा १९, गुजरातीचा २१, कन्नडचा २५. तेव्हा ‘२३०४ किंवा त्याहून मोठा आणि २४३१ किंवा त्याहून लहान’ अशा दोन कसोट्या लिहिण्यापेक्षा ‘कप्पा १८ आहे का’ ही एकच कसोटी मला अधिक आवडते. फॉर्म्युला निम्म्याने आटोपतो आणि चुकायला जागाही कमी राहते.

अडचण एवढीच, की `UNICODE` फक्त पहिल्या अक्षराकडे बघतं. आपल्याला तर सेलमधलं प्रत्येक अक्षर तपासायचं आहे. त्यासाठी हा फॉर्म्युला:

```
=SUMPRODUCT(--(INT(UNICODE(MID(A2&" ",ROW(INDIRECT("1:"&LEN(A2)+1)),1))/128)=18))>0
```

तो आतून बाहेर वाचायचा. `LEN` सेलमध्ये किती अक्षरं आहेत ते मोजतं. `ROW(INDIRECT(...))` त्या मोजणीवरून १, २, ३ अशी क्रमांकांची माळ तयार करतं. `MID` त्या माळेप्रमाणे एकेक अक्षर सुटं करतं. `UNICODE` प्रत्येकाचा क्रमांक काढतं, `INT` भागाकाराचा अपूर्णांक टाकतं. मग प्रत्येक अक्षराला ‘कप्पा १८ आहे का’ हा प्रश्न पडतो आणि हो-नाहीची रांग मिळते. पुढच्या दोन वजाबाकीच्या खुणा ‘हो’चा १ आणि ‘नाही’चा ० करतात, आणि `SUMPRODUCT` त्यांची बेरीज घेतं. बेरीज शून्याहून जास्त असेल तर सेलमध्ये `TRUE`, नाहीतर `FALSE`. साधी बेरीज `SUM` नेही झाली असती. पण जुन्या एक्सेलमध्ये अशी रांग हाताळायला Ctrl+Shift+Enter दाबावं लागतं, आणि `SUMPRODUCT` ते न दाबताच रांग स्वीकारतं.

`A2` ला जोडलेली ती रिकामी जागा विसरू नका. ती नसेल आणि सेल कोरा असेल, तर माळ ‘१ ते ०’ अशी होते, ओळ क्रमांक शून्य अस्तित्वातच नसते आणि `#REF!` ही चूक येते. रिकाम्या जागेचा क्रमांक ३२, तिचा कप्पा शून्य. उत्तरात तिने काही फरक पडत नाही. आणि फॉर्म्युल्यात 128 आणि 18 हे इंग्रजी अंकांतच लिहायचे.

आता तीन नोंदी तपासून पाहू. पहिली ‘ययाति’: २३५१, २३५१, २३६६, २३४०, २३६७. पाचही कप्पा १८ मधले, उत्तर `TRUE`. दुसरी रोमन ‘Yayati’: सहाही अक्षरांचा कप्पा शून्य, उत्तर `FALSE`. तिसरी, जी दिसते मराठी: ५९, ५९, १०७, १०२, ११४. सगळे शून्य, म्हणून `FALSE`. शेवटच्या दोन क्रमांकांची जागाही पाहा. कृतिदेवमध्ये वेलांटी आधी टंकली जाते आणि ‘त’ नंतर, कारण कागदावर ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ‘त’ आधी आणि वेलांटी नंतर, आपण उच्चारतो त्या क्रमाने. म्हणूनच कृतिदेवचं युनिकोड करताना चिन्हास चिन्ह बदलून भागत नाही. काही चिन्हांच्या जागाही हलवाव्या लागतात.

दुसरी आणि तिसरी नोंद दोन्ही `FALSE` आल्या. ही या कसोटीची मर्यादा आहे आणि कामाचा पुढचा टप्पाही. `FALSE` ओळी फिल्टरने वेगळ्या काढा आणि त्या कॉलमला एरियलसारखा साधा फॉन्ट लावा. मुखवटा उतरतो. रोमन नावं वाचता येतात तशीच राहतात आणि कृतिदेवच्या नोंदी अर्धविराम, कंस, मधेच आलेली मोठी अक्षरं अशा गचाळ्यात उघड्या पडतात. ही वाटणी आधी करणं फार गरजेचं आहे. कृतिदेवचं युनिकोड करून देणारी रूपांतरं मिळतात, पण त्यांना समोरचा मजकूर खरा इंग्रजी आहे का, हे कळत नाही. ‘Yayati’ त्यातून काढलं तर त्याचंही देवनागरी अक्षरांचं निरर्थक कडबोळं होतं, आणि मग आपली कसोटी त्यालाही `TRUE` म्हणते.

उलट बाजूनेही थोडं सावध राहावं लागतं. त्याच यादीत ‘Yayati (प्रत २)’ अशी नोंद असेल, तर उत्तर `TRUE` येईल, कारण प्रश्न ‘एक तरी देवनागरी अक्षर आहे का’ एवढाच आहे, आणि देवनागरी अंकही त्याच कप्प्यात बसतात. शंका आली तर फॉर्म्युल्याच्या शेवटचं `>0` काढून टाका, म्हणजे हो-नाहीऐवजी संख्या मिळते. या नोंदीत ती ५ येते आणि `LEN` सांगतं १५; पंधरातली पाचच देवनागरी, म्हणजे नाव रोमनमध्येच राहिलं आहे. ‘प्रत’ हा शब्द या मोजणीत चार भरतो: प, हलन्ताची खूण, र, त. आपण ज्याला अक्षर म्हणतो ते आणि संगणक ज्याला अक्षर म्हणतो ते एक नाही, हे अशी मोजणी करताना लक्षात ठेवावं लागतं.

मराठीपुरतीच एक गोष्ट इथे येते. ‘दऱ्या’तला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकला जातो. एका तऱ्हेत नुक्ता असलेला ऱ वापरतात आणि सगळी चिन्हं कप्पा १८ मधली असतात. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि त्यापुढे ८२०५ क्रमांकाचं एक अदृश्य जोडचिन्ह येतं. त्याचा कप्पा ६४. एक तरी देवनागरी अक्षर आहे का, या उत्तराला त्याने धक्का लागत नाही. पण संख्या जुळवताना अस्सल मराठी शब्दात एक परकं चिन्ह घुसल्यासारखं दिसतं. आणि डोळ्यांना सारखे दिसणारे हे दोन ‘दऱ्या’ शोधताना एकमेकांशी जुळत नाहीत.

दंडाचंही असंच आहे. पूर्णविरामाचा दंड २४०४ क्रमांकावर, देवनागरीच्या कप्प्यात आहे, पण बंगालीतही तोच वापरतात. बंगाली वाक्याच्या शेवटी दंड असला, की आपली कसोटी त्याला देवनागरी ठरवते. भाषा तर तिला मुळीच कळत नाही. मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी, संस्कृत सगळ्यांचा कप्पा एकच.

व्हॉट्सॲपवरून उचललेल्या यादीत भावचित्रं असली तर `TRUE`-`FALSE` ऐवजी `#VALUE!` दिसतं. अशी चित्रं एक्सेलच्या बहुतेक आवृत्त्या दोन तुकड्यांत साठवतात, `MID` एकच तुकडा उचलतं आणि अर्ध्या तुकड्याचा क्रमांक `UNICODE` ला सांगता येत नाही. तेव्हा `UNICODE(...)` भोवती `IFERROR(...,0)` घाला. जुन्या एक्सेलमध्ये असा फॉर्म्युला Ctrl+Shift+Enter ने भरावा लागतो.

यादी मोठी असेल तर फाइल जड वाटू लागेल, कारण `INDIRECT` असलेला फॉर्म्युला फाइलमध्ये कुठेही काही बदललं की पुन्हा चालतो. उत्तरं आली की तो कॉलम कॉपी करून फक्त मूल्यं म्हणून पेस्ट करा. आणि एक कळकळीचं सांगणं: रूपांतराला हात घालण्याआधी मूळ कॉलमची प्रत, तिच्या कृतिदेव फॉन्टसकट, वेगळ्या शीटवर ठेवून द्या. रूपांतरात एखादं जोडाक्षर बिघडलं, तर मूळ नाव काय होतं ते तिथूनच वाचता येईल.