परत परत येणारा पत्ता

नव्या नात्यात टॅरोचे रोज दोन पत्ते काढतात: पहिला ‘माझं मन’, दुसरा ‘आमच्यातलं’. तारीख, पत्ता आणि त्या दिवशी खरोखर काय घडलं, एवढं वहीत लिहायचं. पत्ते ७८. चार आठवड्यांत दोन-तीन पत्ते निव्वळ योगायोगानंही तीनदा येतात. पिसणं कच्चं असेल तर आणखी. म्हणून नुसत्या पुनरावृत्तीला मी कौल मानत नाही, जागा पाहते. समजा, नाणं कवटाळून बसलेला ‘फोर ऑफ पेंटॅकल्स’ तिन्ही वेळा पहिल्याच जागी आला. मग त्या तीन दिवसांच्या नोंदी शेजारी ठेवाव्यात. तिन्ही दिवशी आपणच फोन टाळला असेल, तर त्याच्या मनाचा अंदाज बांधण्याआधी आपल्या धास्तीबद्दल त्याच्याशी बोलावं. नोंदी जुळत नसतील, तर पत्ता सोडून द्यावा.