अस्थिघनतेचा अहवाल : मणक्याचा आकडा आणि खुब्याचा आकडा

हदगाव परिसरातील एक ६२ वर्षांच्या भगिनी नांदेडहून डेक्सा तपासणी करून आमच्याकडे आल्या. अहवालात कमरेच्या चार मणक्यांचा एकत्रित टी-स्कोअर उणे ०.७ होता. "कमरेचा आकडा तर चांगला आहे ना, वैद्यराज?" असे त्यांच्या चिरंजीवांनी विचारले. त्याच अहवालात मांडीच्या हाडाच्या मानेचा टी-स्कोअर मात्र उणे २.७ होता.

टी-स्कोअरमध्ये रुग्णाच्या हाडाची तुलना तरुण वयातील निरोगी व्यक्तींच्या सरासरीशी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या वर्गीकरणानुसार उणे १ व त्याहून वरचा आकडा प्राकृत समजतात. उणे १ व उणे २.५ यांच्या दरम्यान अस्थिघनता कमी मानतात, तर उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. मणका, एकूण खुबा आणि मांडीच्या हाडाची मान यांपैकी सर्वांत कमी आकड्यावरून निदान ठरते, सरासरीवरून नव्हे.

मग मणके चांगले कसे? आम्ही एकेक मणक्याचा आकडा पाहिला. पहिला उणे १.८, दुसरा उणे १.६, तिसरा अधिक ०.२ आणि चौथा अधिक ०.४. शेजारच्या मणक्यांत एकापेक्षा अधिक फरक पडला की शंका घ्यावी. क्ष-किरण चित्रात खालच्या दोन मणक्यांना हाडाचे काटे वाढलेले दिसले. यंत्र तेही हाडच म्हणून मोजते. ते दोन मणके वगळता उरलेल्या दोहोंचा आकडा सुमारे उणे १.७ येतो, आणि निदान खुब्यावरून ऑस्टिओपोरोसिस असेच राहते.

नांदेड जिल्ह्यात आणखी एक सावधगिरी हवी. येथील काही गावांच्या विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड अधिक आहे. अस्थिगत फ्लोरोसिसमध्ये मणके दाट दिसतात, परंतु ती दाटी बळकटीची नव्हे. अशा वेळी सर्वच मणके उंचावलेले असल्याने एखादा वगळून भागत नाही. दात, सांध्यांचा ताठरपणा आणि पाण्याचा स्रोत यांची विचारणा करावी लागते.

झेड-स्कोअरची तुलना समवयस्क, समलिंगी व्यक्तींशी असते. या भगिनींचा तो खुब्याशी उणे १.३ होता, म्हणजे वयाच्या मानाने फार वेगळा नव्हे. तो उणे २ वा त्याखाली असता, तर स्टिरॉइडचे दीर्घ सेवन, परावटू ग्रंथीचा विकार, ड जीवनसत्त्वाची उणीव यांचा शोध प्रथम घ्यावा लागला असता. रजोनिवृत्तीपूर्वीच्या स्त्रिया व पन्नाशीच्या आतील पुरुष यांच्यात तर झेड-स्कोअरच पाहावा. टी-स्कोअरची वर्गवारी त्यांना लावू नये. शिबिरात टाचेवर होणाऱ्या ध्वनिलहरींच्या तपासणीलाही ही वर्गवारी लागू नाही, हे आपल्यापैकी अनेकांच्या ध्यानी राहत नाही.

चिरंजीवांना आम्ही खुब्याचा आकडा दाखवला, आणि घरात आई कधी घसरून पडल्या होत्या का, ते विचारले. गतवर्षी न्हाणीघरात पडून मनगट मोडले होते. ते कोणी सांगितलेच नव्हते.