नळातील तांबडी अळी

चितेगावात एखाद्या सकाळी नळातून बादलीत तांबडी, वळवळणारी अळी पडली, तर ती कोठून आली? ही कायरोनोमस या डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या माशीची अळी होय. गच्चीवरील टाकीचे झाकण उघडे राहिले की मादी पाण्यात बुळबुळीत अंडीपुंज घालते. अळ्या तळच्या गाळात राहतात. तेथे प्राणवायू थोडा. पण आपल्या रक्तातल्याप्रमाणे त्यांच्यातही हिमोग्लोबिन असते, म्हणून त्या तगतात आणि तांबड्या दिसतात. तांबडा रंग ही गाळाचीच खूण! नुसते क्लोरीन टाकून भागत नाही. बरेचसे गाळातच खर्ची पडते. टाकी रिकामी करून तळ घासावा, गाळ काढून टाकावा. उन्हाळ्यात अंड्यापासून माशी व्हायला २-३ आठवडे पुरतात; म्हणून झाकण घट्ट बसवून हवेच्या नळीला बारीक जाळी बांधावी.