कुलूपबंद घरातली गळती

स्वयंपाकघरातल्या आरओ फिल्टरला पाणी पुरवणारी नळी जेमतेम पाव इंचाची असते. ती जोडातून निसटली आणि गच्चीवरची टाकी त्या ओट्यापासून दहा मीटर उंच असली, तर मिनिटाला दोन लिटर पाणी सहज बाहेर पडतं. सकाळी नऊला कुलूप लावून गेलेलं कुटुंब संध्याकाळी पाचला परत येईपर्यंत 960 लिटर पाणी वाहून गेलेलं असतं. सिंकखालचं प्लायवूड फुगतं, पाणी हॉलमधून बेडरूमपर्यंत जातं आणि खालच्या घराच्या छतातून ठिबकायला लागतं.

हे रोखण्यासाठी आता दोन वस्तू सहज मिळतात. पहिली म्हणजे गळतीचा सेन्सर. डबीच्या तळाशी धातूचे दोन टोकदार पाय असतात आणि पाण्याने ते जोडले गेले की सेन्सर सूचना पाठवतो. दुसरी म्हणजे ती सूचना मिळताच पाण्याची लाइन बंद करणारा मोटरचा व्हॉल्व्ह. परदेशी जाहिरातींत घरात शिरणाऱ्या एकाच मुख्य पाइपवर असा व्हॉल्व्ह बसवलेला दिसतो. आपल्या इमारतींत मात्र गच्चीवरच्या टाकीतून स्वयंपाकघरासाठी एक, प्रत्येक बाथरूमसाठी एक आणि कधी फ्लशसाठी आणखी एक, अशा वेगवेगळ्या लाइनी डक्टमधून खाली येतात. सगळ्यांवर व्हॉल्व्ह लावणं खर्चिक आहे आणि बहुतेक घरांत त्याची गरजही नसते. बाथरूममध्ये फुटलेल्या नळाचं पाणी जाळीतून निघून जाण्याची शक्यता बरीच असते. स्वयंपाकघराला अशी वाट बहुधा नसते. म्हणून माझ्या मते पहिला व्हॉल्व्ह स्वयंपाकघराच्या लाइनवर हवा.

सेन्सर कुठे ठेवायचा, हे फरशीच्या उतारावर ठरतं. सिंकखालच्या ट्रॉल्या बाहेर काढा, नळीच्या जोडाखाली कपभर पाणी ओता आणि ते कुठे जातं ते बघा. पाणी जिथे थांबतं ती सेन्सरची जागा. अनेकदा ती जोडाच्या बरोबर खाली नसतेच, हातभर लांब भिंतीच्या कोपऱ्यात असते. फिल्टर ओट्यावर भिंतीला टांगलेला असेल तर त्याचं पाणी आधी ओट्यावर पसरतं आणि बरंचसं सिंकमध्ये जातं, म्हणून फिल्टरच्या अगदी खाली दुसरा सेन्सर लागतो. इथे एक बारीक गोष्ट आहे. शुद्ध केलेल्या पाण्यात क्षार कमी असल्यामुळे त्यातून वीज कमी वाहते आणि काही सेन्सर त्याला दाद देत नाहीत. तेव्हा चाचणी नळाच्या पाण्याने घ्या आणि फिल्टरमधून आलेल्या पाण्यानेही घ्या. वॉशिंग मशीन ड्राय बाल्कनीत असेल तर तिथे सेन्सर ठेवू नये. ती फरशी रोजच भिजते. मशीनचा नळ धुणं झाल्यावर हाताने बंद करणं तिथे जास्त उपयोगाचं.

व्हॉल्व्ह घेताना दुकानदार बहुधा दोन प्रकार दाखवतो. एक सोलेनॉइडचा, खटकन बंद होणारा, आणि दुसरा बॉल व्हॉल्व्ह, ज्यातला गोळा मोटर सावकाश फिरवते. सोलेनॉइड स्वस्त असतो, पण त्याच्या नेहमीच्या प्रकारातला पडदा उचलायला साधारण 0.3 ते 0.5 बार दाब लागतो. टाकी दहा मीटर वर असेल तर दाब सुमारे एक बार मिळतो. वरच्या मजल्यावर टाकी डोक्यावर तीनच मीटर असते, म्हणजे दाब 0.3 बार. तिथे असा व्हॉल्व्ह नीट उघडत नाही आणि नळाची धार बारीक होते. बॉल व्हॉल्व्हला दाबाची अट नाही. बंद व्हायला त्याला पाच-दहा सेकंद लागतात, पण तेवढ्यात वाटीभर पाणी जाईल, इतकंच. अर्ध्या इंची पितळी व्हॉल्व्ह, आधीच्या हाताच्या कॉकच्या पुढे आणि पॅनल उघडून हात पोचेल अशा जागी बसवावा. मोटर वर किंवा बाजूला असू द्यावी. ती खाली आली तर जोडातला थेंब थेट तिच्यात जातो. मोटर अडली तर हाताने फिरवता येईल असा खटका त्यावर असायलाच हवा.

वीज गेली की काय होणार, हा प्रश्न खरेदीच्या वेळीच विचारायला हवा. काही बॉल व्हॉल्व्ह वीज जाताच आपोआप बंद होतात. कागदावर हे सुरक्षित वाटतं, पण वारंवार वीज जाणाऱ्या गावात दर वेळी ओट्यावरचं पाणीही जाईल आणि आठवड्याभरात घरातलं कुणीतरी व्हॉल्व्ह काढून टाकेल. त्यापेक्षा वीज गेल्यावर आहे त्याच स्थितीत राहणारा प्रकार घ्यावा आणि त्याला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस जोडावा, राउटरसाठी मिळतो तसला. मोटर फक्त फिरताना वीज घेते, त्यामुळे तो पुरतो. सेन्सर स्वतः नाण्याएवढ्या सेलवर चालतात. झिग्बी पद्धतीचे सेन्सर एका सेलवर वर्ष-दोन वर्षं टिकतात, वायफायचे लवकर सेल खातात. झिग्बीला हब लागतो आणि तोही यूपीएसवरच हवा.

हब घेतलात की एक चाचणी करा. राउटरला येणारी इंटरनेटची केबल काढा आणि सेन्सरखाली ओलं फडकं ठेवा. व्हॉल्व्ह बंद झाला तर निर्णय घरातल्या घरात होतो. झाला नाही तर तुमच्या ओट्याखालची सूचना दूरच्या सर्व्हरला जाऊन परत येत होती आणि नेट बंद असलेल्या दिवशी पहारा नाही.

खोट्या सूचनांनी ही यंत्रणा जितक्या घरांत बंद पडते, तितकी बिघाडाने पडत नसावी. फरशी पुसणाऱ्या मावशींचा ओला पोछा, कुकरची वाफ, पावसाळ्यात गार पाइपवर जमून ठिबकणारं दव, ही नेहमीची कारणं. एकदा भिजलेल्या सेन्सरच्या पायांवर साबणाचा आणि क्षारांचा थर राहतो आणि दमट हवेत तोच वीज वाहू लागतो. मग फरशी कोरडी असूनही सेन्सर ओरडतो. पाय व्हिनेगरच्या फडक्याने पुसून, साध्या पाण्याने निपटून कोरडे केले की हे बहुधा थांबतं. त्यापुढचा उपाय वेळेचा आहे. सेन्सर सलग तीस सेकंद ओला राहिला तरच सूचना ग्राह्य धरायची. घरात माणसं असताना फक्त भोंगा वाजू द्यायचा आणि घर कुलूपबंद असतानाच व्हॉल्व्ह स्वतः बंद होऊ द्यायचा. अंगाला साबण लावलेला असताना ज्याचं पाणी गेलं, तो ही यंत्रणा घरात ठेवणार नाही. बाथरूमच्या लाइनवर व्हॉल्व्ह लावायचाच असेल, तर ही विभागणी आधी करा.

बोअरचं जड पाणी असलेल्या घरात आणखी एक पथ्य आहे. महिनोन्‌महिने उघडा राहिलेला गोळा क्षारांनी धरून बसतो. महिन्यातून एकदा, दिवसा, तो बंद करून उघडावा आणि बंद असताना सिंकचा नळ सोडून बघावा. मोबाइलवर ‘बंद’ दिसतं ते मोटर फिरल्यावरून. दांडा तुटून मोटर एकटीच फिरली तरी काही यंत्रणांत तेच दिसतं. नळाची धार थांबली का, हीच खरी खूण.

आता या यंत्रणेच्या हाताबाहेरच्या गोष्टी. भिंतीतल्या पाइपमधून झिरपणारी ओल, वरच्या घरातून येणारं पाणी आणि तुंबलेल्या सांडपाण्याच्या पाइपमधून उलटं आलेलं पाणी तुमची लाइन बंद करून थांबत नाही. सेन्सर ओरडेल, पण तिथे किल्ली असलेला शेजारी लागतो. गच्चीवर सोलर असेल तर गरम पाण्याची लाइन वेगळी येते, ही बाब प्लंबरही विसरतात. गार लाइनचा व्हॉल्व्ह बंद झाला तरी सिंकच्या गरम नळाची नळी फुटली असेल तर ती वाहतच राहील. अशा घरात स्वयंपाकघराला दोन व्हॉल्व्ह लागतात, किंवा निदान घर सोडताना गरम लाइनचा कॉक हाताने बंद करावा लागतो.